अस्सलबरहुकूम नक्कल

मला नकला करायला आवडतं. चारचौघांत बसलो की कुणीतरी म्हणतंच, "तो तुमचा हेडक्लार्क करून दाखवा." मग मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतो, उपरणं नसलं तर टॉवेल खांद्यावर टाकतो आणि सुरू होतो. लोक हसून हसून बेजार होतात. पण एक गोष्ट मी अर्ध्यावर आणून सोडतो. मंडळींना वाटतं ती तिथंच संपली. संपलेली नसते. तिच्या उरलेल्या अर्ध्याची नक्कल मी कधी केली नाही, ती आता कागदावर करतो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी डोंबिवलीत राहायचो आणि ठाण्याला शाळा तपासणीसांच्या कचेरीत हंगामी टायपिस्ट होतो. वय वीस. मिनिटाला पंचेचाळीस शब्द. शाळेत असताना इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेत मला एक कंपासपेटी बक्षीस मिळाली होती आणि ती मी अजून, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षीही, कचेरीत टेबलावर ठेवत असे. आत टाचण्या. कुणी "ही कुठली?" विचारलं की मी सांगायला तयार. बहुतेक कुणी विचारत नसे. मग मी स्वतःच म्हणायचो, "या पेटीवरून आठवलं..."

हेडक्लार्क पन्नाशी उलटलेले, मूळचे अलिबागकडचे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी मला पहिल्या दिवशी समोर उभं केलं आणि माशीची गोष्ट सांगितली. ती तुम्हाला ठाऊकच असेल. जुन्या कागदावर माशी चिरडून चिकटलेली, नकलनवीसानं दुसरी माशी मारून त्याच जागी आपल्या कागदावर चिकटवली. मी कर्तव्य म्हणून हसलो.

"हसतोस काय?" अण्णा म्हणाले. "सगळे त्या माणसाला मूर्ख म्हणतात. मी त्याला पगारवाढ दिली असती."

"माशीबद्दल, अण्णा?"

"माशी तिथं का होती हे त्याला ठाऊक नव्हतं. तुलाही नसतं. मलाही नसतं. ज्याला ठाऊक असतं तो वर बसतो. आपल्याला डोळे असावेत, बोटं असावीत. मधलं डोकं दाराबाहेर चपलांपाशी ठेवून यायचं. काय?"

"हो, अण्णा."

"आणि ती कंपासपेटीपण तिथंच ठेव."

आमच्याकडे नकलेच्या खाली तीन ओळी असत. नक्कल करणार, रुजवात पाहणार आणि त्याखाली 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल' असा शिक्का. रुजवात म्हणजे अस्सल कागदाशी नक्कल ताडून पाहणं. एकानं अस्सल वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं. इंग्रजी कागद असला की अण्णांचा नियम कडक होता. शब्द वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. 'कॅट' म्हणायचं नाही, 'सी, ए, टी' म्हणायचं. लांबलचक कागदाला अर्धा दिवस जाई. मी आणि माझ्या शेजारचा कारकून, मालवणचा, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, आम्ही अण्णा जागेवर असले की अक्षरं वाचायचो आणि ते साहेबांकडे गेले की शब्द.

माघात कल्याणच्या एका हायस्कुलातून प्रकरण आलं. अकरावीची पूर्वपरीक्षा झाली होती. त्यात पास होईल त्याचाच फॉर्म शाळा बोर्डाकडे पाठवी. इंग्रजीच्या पेपराला दोन मुली शेजारी शेजारी बसल्या होत्या. पर्यवेक्षकांना एकीची मान तिरकी दिसली, त्यांनी दोघींचे पेपर उचलले, ताडून पाहिले, तर निबंध वाक्यामागून वाक्य सारखा. नदीची आत्मकथा. शेजारची होती गावातल्या एका डॉक्टरांची मुलगी, पहिल्या तिघींत येणारी. तिरक्या मानेची होती डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावची. घर मिठागरात राबणारं. त्या गावातून अकरावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. चोर कोण, हे शाळेनं दोन मिनिटांत ठरवलं. पेपर न तपासता बंद पाकिटात घातले आणि हिचा फॉर्म पाठवणार नाही असं कळवलं.

तिच्या घरच्यांनी आमच्या साहेबांकडे दाद मागितली. फॉर्म रवाना व्हायला पंधरा दिवस होते.

साहेब न्यायी माणूस. त्यांनी बाहेरगावचे दोन हेडमास्तर पंच नेमले. पण अक्षरावरून लगेच कळणार होतं की कुठला पेपर कुणाचा. डॉक्टरांच्या मुलीचं अक्षर कॉन्व्हेंटमधून आल्यासारखं, हिचं शाळेच्या कित्त्यावरून गिरवलेलं. म्हणून साहेबांनी एक युक्ती काढली. दोन्ही पेपर टाइप करायचे. वर नाव नाही, फक्त 'पहिला' आणि 'दुसरा'. पंचांनी कागद पाहावा, पोर पाहू नये. टाइप करताना मात्र स्वल्पविरामसुद्धा हलता कामा नये, असा शेरा साहेबांनी स्वतःच्या हातानं मारला होता. अस्सल पेपर एका दिवसापुरते येणार होते. शाळेचा कारकून पाकीट घेऊन येणार, समोर बसणार आणि संध्याकाळी परत घेऊन जाणार.

त्या दिवशी सकाळी कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, काटक, नाकात मोठी नथनी, पायांच्या टाचा मिठानं भेगाळून पांढऱ्या झालेल्या. शेजारी ती मुलगी. दोन वेण्या, मांडीवर दोन्ही हात, नजर जमिनीवरच्या फरशीच्या रेघेवर. बाई तिची आत्या होती. आई लहानपणी गेलेली, आत्यानंच वाढवलेली.

मी दारातून आत शिरत होतो तोच आत्यानं मला हाक मारली. "ओ बाबा, तू साहेबाचा मानूस का?"

"मी टायपिस्ट."

"ते काय आसतं?"

मी दोन्ही हातांची बोटं हवेत नाचवून दाखवली. मुलगी खाली मान घालून हसली, एवढं मला दिसलं.

"मंग आमचे पोरीचा कागद तूच वाजवनार?" आत्या म्हणाली. "वाजव बाबा. आमची पोर चोर नाय. मिठागरावर जाता-येता त्यो नदीचा पाठ तोंडानं बडबडायची. मना बी पाठ झाला, मना इंग्रजी येत नाय तरी." आणि खरोखरच तिनं एक वाक्य म्हणून दाखवलं. शब्द मोडके होते, चाल बरोबर होती.

"आते, गप की," मुलगी पुटपुटली.

आता मी आत गेलो तो जवळजवळ नायक होऊनच. पाकीट उघडलं. डॉक्टरांच्या मुलीचा पेपर मी तासाभरात उतरवला. त्यात काही अडचण नव्हती. मग हिचा घेतला.

निळी शाई, टाकानं लिहिलेलं, सगळी अक्षरं उजवीकडे झुकलेली आणि एकमेकांचा हात धरून चाललेली. रनिंग हँड म्हणायचे त्याला तेव्हा. असं अक्षर वाचायचं तर शब्दाच्या एकूण आकारावरून ओळखावा लागतो. 'एन' आणि 'यू' यांत उंचवटा वर की खाली एवढाच फरक, 'आर'चा खांदा उतरला की 'आय' होतो, 'आय'वरचा ठिपका दोन अक्षरं पुढं जाऊन पडतो. मला ते वाचायला आवडे. मी शब्द ओळखत गेलो आणि ओळखता ओळखता बोटं थबकली.

स्पेलिंगं चुकलेली होती. थोडीथोडकी नव्हे. दर दोन ओळींना एक. सगळ्या चुका एकाच जातीच्या. शब्द मोठ्यानं वाचला तर बिनचूक, डोळ्यांनी पाहिला तर गडबड. जी अक्षरं इंग्रजीत नुसती बसून असतात, तोंड उघडत नाहीत, ती तिनं गाळून टाकली होती. जिथं एकच आवाज दोन तऱ्हांनी लिहितात तिथं तिनं नेमकी दुसरी तऱ्हा धरली होती.

मी मालवणकराला दाखवलं.

"वाट लागली पोरीची," तो म्हणाला. "पंचांतला एक हेडमास्तर स्पेलिंगवाला आहे. माझ्या मेव्हण्याला त्यानं एका स्पेलिंगपायी बाकावर उभं केलं होतं. हे बघितलं की म्हणेल, हिला अकरावीत बसवलीच कुणी?"

मी व्हरांड्याकडे पाहिलं. आत्या पानाला चुना लावत होती. मुलगी अजून फरशीची रेघ पाहत होती.

आणि मी, स्पेलिंगची कंपासपेटी जिंकलेला, पंचेचाळीस शब्दांचा, वीस वर्षांचा, तिच्या चुका दुरुस्त करायला बसलो.

खरं सांगायचं तर बसलोही नाही. फक्त बोटांना सोडून दिलं. बोटांना बरोबर स्पेलिंगची सवय होती. चूक टाइप करायची तर त्यांना अडवावं लागलं असतं. मी अडवलं नाही. एकेक शब्द धुऊन-पुसून, वेणीफणी करून कागदावर उभा राहिला. कार्बनमुळं चार प्रती एकदम. मला आतून गुदगुल्या होत होत्या. वाटत होतं, ही एवढी मोठी गोष्ट मी कुणाला न सांगता करतोय, किती थोर आहे मी.

रुजवातीला मालवणकर बसला. अण्णा साहेबांकडे गेले होते. शाळेचा कारकून समोर घड्याळाकडे बघत पाय हलवत होता. मालवणकर अस्सल वाचू लागला, अक्षरं नव्हेत, शब्द. आणि शब्द म्हणजे आवाज. तिच्या चुका आवाजात नव्हत्याच. तो वाचत होता ते आणि माझ्यासमोर होतं ते, दोन्ही कानाला तंतोतंत एक. त्याला माझी करामत ठाऊक होती का, हे मी त्याला नंतर कधी विचारलं नाही. त्यानं सही केली. मी केली. शिक्का मारला. अस्सलबरहुकूम खरी नक्कल. पाकीट कल्याणला परत गेलं.

निघताना मी व्हरांड्यात आत्याला सांगितलं, "झक्कास वाजवलंय."

ही गोष्ट मी मंडळींना इथपर्यंत सांगतो. माशी, कंपासपेटी, आत्याचं इंग्रजी, 'वाजवलंय'. हशा होतो. कुणीतरी विचारतं, "मग पास झाली ना?" मी पाण्याचा तांब्या उचलतो.

आठवड्यानं पंचांचा निकाल आला. साहेबांनी त्यावर हुकूम लिहिला आणि तो टाइप करायला माझ्याकडेच आला. मी कार्बन लावले, रूळ फिरवला आणि सुरू केलं. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत माझं मन दुसरीकडेच होतं. मग बोटांनी एक वाक्य टाइप केलं आणि ते मला कागदावर दिसलं. त्याचा अर्थ असा होता: अर्जदाराचं म्हणणं की मुलगी पाठ वर्गात ऐकून शिकली असून ऐकू येईल तसं लिहिते, म्हणून तिच्या व शेजारणीच्या पेपरांतील स्पेलिंगं ताडून पाहावीत, पंचांनी ती ताडली, दोन्ही पेपर स्पेलिंगमध्येही सर्वस्वी सारखे आहेत, तेव्हा डोळ्यांनी पाहून उतरवल्याचं सिद्ध होतं.

अर्जाचा कागद दुसऱ्या टेबलावर होता. मी उठून तो वाचला. तो तिच्या गावच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी लिहून दिला होता, मराठीत, सुवाच्य. त्यांनी सगळं सांगितलं होतं. इंग्रजीच्या मास्तरांनी तो निबंध वर्गाला दोनदा तोंडी सांगितला होता, डॉक्टरांच्या मुलीनं आणि हिनं दोघींनीच तो अथपासून इतिपर्यंत पाठ केला. असे तयार निबंध मुलांना पाठ करायला देऊ नयेत अशी ताकीद असल्यामुळं मास्तर आता बोलायला तयार नाहीत. 'शेजारणीचं बघून लिहिलं असतं तर मुलीच्या पेपरात शब्द शुद्ध उतरले असते. तिच्या चुका तपासाव्यात ही नम्र विनंती. तिच्याकडे दुसरा पुरावा नाही.'

तिच्या चुका हाच तिचा साक्षीदार होता आणि मी त्याला नटवून-थटवून विरुद्ध बाजूला उभा केला होता.

मी जागेवर आलो. हुकूम पुरा टाइप केला. एकही चूक न करता.

त्या वेळी मी अण्णांकडे का गेलो नाही याची कारणं मी पुष्कळ वर्षं गोळा केली आहेत. हंगामीचे कायम करायच्या यादीत माझं नाव होतं. साहेबांच्या हातचा शेरा मी मोडला होता. मालवणकराला दोन मुलं होती. शिवाय वाटलं, कुणीतरी अस्सल पेपर पाहीलच की. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांतलं एकही पुरत नाही.

तीन दिवसांनी आत्या आणि मुलगी हुकुमाची प्रत घ्यायला आल्या. अण्णांनी मला सांगितलं, "बाईंना मराठीत समजावून दे." मी व्हरांड्यात गेलो. बाकावर त्यांच्या शेजारी बसलो आणि वाचू लागलो. मला आवाज काढायची सवय, पण तेव्हा कुठलाच आवाज निघेना.

"म्हंजे," आत्या म्हणाली, "चोरी केली आसं लिवलंय?"

"तसंच."

"कशावरनं?"

"दोन्ही पेपरांतली स्पेलिंगं सारखी आहेत म्हणून."

मुलीनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "माझी स्पेलिंगं बरोबर आली?"

"हो."

"सगळी?"

मी मान हलवली.

"मास्तर तर म्हणायचे, तुझी स्पेलिंगं म्हणजे चिंबोरीची चाल." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर, मी शपथेवर सांगतो, आनंद होता. परीक्षेच्या भीतीनं का होईना, एकदा तरी सगळं बरोबर उतरलं म्हणून. मग तिला उमगलं की त्या आनंदाची किंमत काय आहे आणि ती गोंधळली. "पण मला येत नाहीत ती. मग बरोबर कशी आली?"

आत्या उठली. "चल. यांच्या कागदाला नाय कान आनि नाय डोलं." जाताना ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू झक्कास वाजवलंस ना, बाबा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांपुढे उभा राहिलो आणि सांगितलं.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "किती शब्द?"

"मोजले नाहीत."

"मोजायला हवे होते." मग, "कीव आली तुला?"

"हो, अण्णा."

"कीव वाईट नाही. पण तुला काय ठाऊक होतं तिच्याबद्दल? माशी का होती, ठाऊक होतं?"

मला घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेबांनी त्याच दिवशी माणूस कल्याणला पाठवला, अस्सल पेपर मागवले, स्वतः उघडले, पाच मिनिटांत मिटले. नवा हुकूम त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. मुलगी निर्दोष, फॉर्म पाठवावा. पण शाळेचं फॉर्मांचं पुडकं आदल्या दिवशीच बोर्डाकडे रवाना झालं होतं. ज्या दिवशी मी व्हरांड्यात हुकूम वाचून दाखवत होतो, त्याच दिवशी. साहेबांनी बोर्डाला पत्र लिहिलं. उत्तर चार दिवसांत आलं, दोन ओळींचं. मुदतीनंतरचे अर्ज घेतले जात नाहीत. पुढच्या वर्षी बसावं.

मला कायम करण्याच्या यादीतून वगळलं. ते ठीकच झालं. मालवणकराला अण्णांनी कसं कोण जाणे वाचवलं. मला मात्र त्यांनी एक शिक्षा दिली. "आता ती नक्कल पुन्हा कर. जशी हवी होती तशी. प्रकरणाला लागेल. आणि एक प्रत तू स्वतः त्यांच्या घरी नेऊन द्यायची."

दोन पानांना मला सबंध दिवस लागला. चूक टाइप करणं किती अवघड असतं हे तेव्हा कळलं. प्रत्येक चुकीच्या शब्दापाशी बोट बरोबर किल्लीवर जाऊन बसे. ते उचलून दुसरीकडे ठेवावं लागे. संध्याकाळी अण्णा स्वतः रुजवातीला बसले. अक्षर न् अक्षर वाचलं. त्यांचा घसा बसला. शिपाई दिवे लावून गेला तरी ते वाचतच होते. शेवटी सही केली, तारीख घातली.

त्या रविवारी मी डोंबिवलीहून चालत खाडीकडे गेलो. मिठागरांत पांढरे ढीग, मध्ये बांध. बांधावरून जाताना एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनाकडं?" मी सांगितलं. "त्या शिकलेलीकडं व्हय," तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती.

आत्या ओटीवर मासळी वाळत घालत होती. तिनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि पुन्हा मासळीकडे वळली. मी नवा हुकूम दिला. मग मी जे केलं ते सांगितलं. मोठ्यानं, सबंध, कुठलाही आवाज न काढता. मुलगी दाराला टेकून ऐकत होती.

"म्हंजे तुला आमचा भला करायचा व्हता," आत्या म्हणाली.

"हो."

"मंग आमाला आंदी इचारायचं." तिनं एक बोंबील उलटा केला. "ज्याचा भला करायचा त्याला इचारावा लागतं, बाबा."

मी मुलीला म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की बसता येईल. साहेबांनी शाळेला लिहिलंय. पुन्हा वर्गात घेतील."

"मी नाही जाणार," ती म्हणाली. तिची भाषा शाळेची होती, आत्यासारखी नव्हती. "त्या वर्गात सगळ्यांसमोर माझा पेपर ओढून घेतला. हुकूम आलाय हे त्यांना कोण वाचून दाखवणार? बाकावर बसले की सगळे पेपर झाकून घेतील."

"आसा नको बोलूस," आत्या म्हणाली. "जाशील तू." पण तिच्याही बोलण्यात जोर नव्हता.

मग मुलीनं नक्कल मागितली. ओटीच्या कडेला उन्हात उभी राहून तिनं ती वाचली. ओठ हलत होते. तिला आपल्या चुका कळत होत्या का, कोण जाणे. दोन ठिकाणी ती थोडीशी हसली. दुसऱ्या पानावर मात्र थांबली.

"हे माझं नाही."

"कुठलं?"

तिनं बोट ठेवलं. नदी कधी विश्रांती घेत नाही, असं ते वाक्य होतं. 'रेस्ट' या शब्दात मी 'ई'च्या जागी 'आय' टाइप केला होता.

"तुमच्या पेपरात तसंच होतं," मी म्हणालो. "ठिपका राहिला होता."

"ठिपका राहिला नव्हता. तो 'ई' आहे. माझं वेटोळं मिटतं लिहिताना." तिनं कोनाड्यातली पेन्सिल आणली, हातावर तिरकं लिहून दाखवलं. खरंच, वेटोळं अगदी बारीक, जवळजवळ नुसती रेघ. "हा एवढा शब्द मला येत होता."

मी ते लक्षात घेतलं नव्हतं. अण्णांनीही नाही. इतक्या चुकांच्या गर्दीत आम्ही दोघांनी तिची आणखी एक चूक गृहीत धरली होती. आधी तिच्या चुका काढून घेतल्या आणि नंतर, सगळं प्रामाणिकपणे करताना, न केलेली एक तिच्या पदरात घातली.

तिनं पेन्सिलनं त्या 'आय'वर 'ई' काढला. छोटासा, मिटलेल्या वेटोळ्याचा. आणि कागद मला परत दिला. "हुकूम पुरे आहे आम्हाला. हे तुम्ही ठेवा."

प्रमाणित नकलेवर कुणी पेन्सिल लावायची नसते. सोमवारी मी तो कागद भीत भीत अण्णांसमोर ठेवला आणि कुठं काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, खोडरबर मागतील. त्यांनी बराच वेळ तो 'ई' पाहिला. मग दौतीत टाक बुडवून त्या पेन्सिलच्या अक्षराशेजारी, समासात, आपली छोटी सही केली आणि कागद प्रकरणाला लावला.

"ही तिनं पाहिलेली रुजवात," एवढंच म्हणाले.

ती शाळेत परत गेली नाही. दोन वर्षांनी ऐकलं की लग्न होऊन खडवलीकडे गेली. त्यापुढं काही ठाऊक नाही. मी दुसऱ्या वर्षी कायम झालो, याच कचेरीत वर चढत गेलो, अण्णा निवृत्त झाले, त्यांचा चष्मा माझ्या नकलेत आला.

दहा वर्षांनंतर जुन्या दप्तराची छाननी निघाली. 'क' वर्गातली प्रकरणं मुदत संपली की फाडायची असतात. यादी माझ्याकडे सहीला आली. त्यात ते प्रकरण होतं. मी ते बाहेर काढलं, पेन्सिल तेव्हाही पुसट झालेली नव्हती. शिपाई पोतं घेऊन उभा होता. एक कागद खिशात टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. पण मी एकदा नियमाबाहेर जाऊन त्या मुलीचं भलं केलं होतं. मी यादीवर सही केली. शिपायानं फाडलं.

हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं, तिचा निबंध जसाच्या तसा इथं उतरवून काढू. वाक्यं अजून पाठ आहेत, मलाही, तिच्या आत्यासारखीच. पण तिचा एकही चुकलेला शब्द आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला. डोळे मिटले की सगळी स्पेलिंगं बरोबर येतात. इतक्या वर्षांत मनानं ती सगळी पुन्हा दुरुस्त करून टाकली आहेत. फक्त एक चूक लख्ख दिसते, 'रेस्ट'मधला तो 'आय', आणि ती तिची नव्हती.